क्वार्टर सोडण्याचा दिवस

देवळालीत आज शेजारच्या वहिनींना क्वार्टर रिकामे करायला मदत केली. त्यांचे यजमान तोफखान्यात हवालदार आहेत. युनिट फील्डमध्ये गेल्यामुळे आणि तिथे कुटुंबाला नेता येत नसल्यामुळे हे सारे काम त्यांच्या एकटीवर आले. लष्करी इमारतींची देखभाल करणाऱ्या एमईएसचा माणूस यादी घेऊन पंखे, नळ, स्विच, खिडक्यांच्या काचा एकेक करून तपासतो आणि जे तुटले असेल त्याचे पैसे भरून घेतो, म्हणून आम्ही सकाळीच गळका नळ बदलून घेतला.

पुढे गावी जायचे की फील्डमधल्या जवानांच्या कुटुंबांसाठी असलेल्या क्वार्टरसाठी प्रतीक्षायादीत थांबायचे, हा खरा पेच होता. सासूबाईंना सून गावी हवी होती. पण मुलगी केंद्रीय विद्यालयात आठवीत आहे आणि गावच्या शाळेत गेल्यास बोर्ड, पुस्तके, माध्यम सगळेच बदलले असते. (बदलीच्या नोकरीतल्यांच्या मुलांसाठीच या शाळा 1963 पासून सुरू झाल्या.) शिवाय इथे मिलिटरी हॉस्पिटल आणि कॅन्टीन हाताशी आहे. त्यामुळे क्वार्टर मिळेपर्यंत भाड्याची खोली घ्यायची, असे ठरले. मला हा निर्णय योग्य वाटतो, जरी भाड्याचा आणि एकटेपणाचा भार त्यांनाच सोसायचा आहे.

नाव-नंबर रंगवलेल्या काळ्या ट्रंका वहिनींनी सराईतपणे भरल्या: हिवाळी कपडे तळाशी, शाळेचे दाखले व डिपेंडंट कार्ड हातातल्या पिशवीत. यजमानांचा फोन संध्याकाळी लागला, तेव्हा त्यांनी आधी नळाचे विचारले.