फोटोतलं फलन आणि मध्यमान प्रमेयातला c

बारावीतल्या भाचीने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पान तिरकं, वर सावली. फलनाच्या जागी x, त्याच्या उजवीकडे थोडा वर 2, तिरकी रेघ आणि 3. खाली दोन अंतराल: (अ) [0, 8] आणि (ब) [−1, 8]. प्रश्न नेहमीचाच: मीन व्हॅल्यू थिअरम लागू होतो का ते तपासा, होत असेल तर c काढा. सोबत तिचा निरोप: "मामा, (अ)चं उत्तर 4 येतंय, पण मागे दिलेल्या उत्तराशी जुळत नाही."

फोटो आला की मी आधी फलन वाचतो, गणित नंतर. इथे दोन वाचनं शक्य होती: x²/3, म्हणजे वर्गाला 3 ने भाग, किंवा x^(2/3), म्हणजे घातांकच 2/3. फोटो मोठा करून 3 चा तळ x च्या तळाशी ताडून पाहिला. 3 बराच वर होता, म्हणजे तोही घातांकातच. दुसरा पुरावा अंतरालांचा. −1, 0 आणि 8 हे तिन्ही पूर्ण घन आहेत. गणित रचणाऱ्याने घनमूळ सहज निघावं म्हणूनच ते निवडले असणार. उत्तर सुटसुटीत आलं म्हणून वाचन बरोबर, असं मात्र समजू नये. भाचीने x²/3 धरलं होतं आणि द्विघाती फलनात c नेहमी अंतरालाचा मध्यच येतो, म्हणून तिला छान 4 मिळाला.

आता f(x) = x^(2/3), अंतराल [0, 8]. वर्गाचं घनमूळ सगळीकडे काढता येतं, त्यामुळे फलन बंद अंतरालावर कंटिन्युअस आहे. डेरिव्हेटिव्ह असा:

f′(x) = 2 / (3·x^(1/3))

छेदात x चं घनमूळ आहे, म्हणून 0 पाशी डेरिव्हेटिव्ह नाही. इथेच बरेच जण "थिअरम लागू नाही" लिहून मोकळे होतात. पण डिफरन्शिएबल असण्याची अट फक्त उघड्या अंतरालावर, (0, 8) वर आहे. 0 हे टोक आहे. तिथे स्पर्शिका उभी झाली तरी बिघडत नाही, कंटिन्युइटी असली की पुरे. दोन्ही अटी पूर्ण झाल्या.

जीवेचा चढ (f(8) − f(0)) / (8 − 0) = (4 − 0)/8 = 1/2. तो f′(c) शी जुळवला:

2 / (3·c^(1/3)) = 1/2, म्हणून c^(1/3) = 4/3, c = 64/27

म्हणजे साधारण 2.37, 0 आणि 8 च्या आत. उलट ताळा: 3 × 4/3 = 4 आणि 2/4 = 1/2. बरोबर.

(ब) मध्ये फलन तेच, डावं टोक तेवढं −1 वर गेलं. आता 0 अंतरालाच्या आत आला. तिथे आलेखाला खाली टोकदार अणी आहे: डावीकडून चढ −∞ कडे जातो, उजवीकडून +∞ कडे. डिफरन्शिएबल असण्याची अट मोडली, थिअरम लागू नाही. उत्तर इथे संपतं, तरी मी समीकरण सोडवून पाहतोच. जीवेचा चढ (4 − 1)/9 = 1/3. त्यावरून c^(1/3) = 2, c = 8. आकडा मिळाला म्हणून घाईत तोच उत्तर म्हणून लिहिला जातो, पण 8 हे टोक आहे, आतला बिंदू नाही. आत असा बिंदू नाहीच: 0 च्या डावीकडे चढ ऋण, आणि उजवीकडे तो कमी होत होत बरोबर 8 लाच 1/3 ला पोहोचतो, त्याआधी कायम 1/3 पेक्षा जास्त.

अट मोडली की c मिळणारच नाही, असंही नाही. हेच फलन [−1, 27] वर घ्या: चढ 8/28 = 2/7, c = 343/27, सुमारे 12.7, अगदी आत. फक्त त्याची हमी थिअरमने दिलेली नाही. म्हणून उत्तरपत्रिकेत अटी आधी लिहाव्यात, c नंतर.

ताळा संगणकावर करायचा तर कंस विसरू नका. `x**2/3` लिहिलं की आधी वर्ग होतो, मग 3 ने भाग जातो, म्हणजे पुन्हा भाचीचंच वाचन. कंस घालूनही पायथनमध्ये `(-1)**(2/3)` चं उत्तर 1 येत नाही, काल्पनिक भाग असलेली संख्या येते. त्यामुळे (ब) साठी आधी वर्ग करून मग घनमूळ घ्यावं:

```python
def f(x):
    return (x*x)**(1/3)
```

`f(-1)` ला 1.0 आलं, की फलन हवं तेच टाइप झालं आहे.