सर्व्हेतले ऑप्शन शफल केले तेव्हा काय झालं: माझा अनुभव

आमचा एक ऑनलाइन कोर्स आहे आणि तो अर्ध्यात सोडणाऱ्या लोकांना आम्ही एक छोटा सर्व्हे पाठवतो. त्यातला मुख्य प्रश्न एकच, "कोर्स सोडण्याचं सगळ्यात मोठं कारण कोणतं?", खाली आठ कारणं आणि शेवटी "इतर". यातलं एकच निवडायचं. पहिलं कारण होतं "वेळ मिळाला नाही", आणि मागच्या सर्व्हेत 34% लोकांनी तेच निवडलं होतं. सातव्या नंबरवर "धडे समजायला अवघड गेले" होतं, त्याला 9%. या दोन आकड्यांवरून ठरलं की धडे छोटे करायचे, प्रत्येक व्हिडिओ निम्मा करायचा. हे मोठं काम होतं, कित्येक महिन्यांचं.

मला ते खटकत होतं, कारण "इतर"मध्ये लोकांनी जे हाताने टाइप केलं होतं त्यात वेळेबद्दल फारसं नव्हतंच. बरेच जण लिहीत होते की तिसऱ्या भागानंतर डोक्यावरून गेलं. मग मी परत तो फॉर्म मोबाइलवर उघडून बघितला, तर स्क्रोल न करता फक्त पाचच ऑप्शन दिसतात. सातवा बघायला बोट फिरवावं लागतं, आणि पहिलाच ऑप्शन असा की कुणालाही थोडाफार लागू पडतोच, वेळ कुणाला पुरतो?

याला प्रायमसी इफेक्ट म्हणतात. माणूस यादी वरून वाचायला लागतो, पटण्यासारखं पहिलं उत्तर दिसलं की तिथेच टिक करतो आणि पुढे जातो. तो खोटं बोलत नसतो, त्याने फक्त सगळी यादी तोलून बघितलेली नसते. क्रॉस्निक आणि ऑल्विन या संशोधकांनी 1987 मध्ये यावर लिहिलं, की डोळ्याने वाचायच्या यादीत वरच्या उत्तरांना फायदा मिळतो, आणि कुणी यादी वाचून दाखवत असेल तर उलट शेवटची उत्तरं जास्त निवडली जातात, कारण ऐकताना शेवटचंच डोक्यात ताजं असतं.

आमच्या टीमच्या प्रमुख मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "शंका ठीक आहे, पण दाखव मला." म्हणून पुढच्या फेरीत ऑप्शनचा क्रम प्रत्येकाला वेगळा द्यायचं ठरलं. ऐकायला सोपं वाटतं, एक शफलचं बटण दाबायचं. पण पहिली ट्रायल आम्हाला पूर्ण फेकून द्यावी लागली, आणि का ते सविस्तर सांगतो कारण याच चुका सगळीकडे होतात.

पहिली चूक डेटा साठवण्यात झाली. आमच्या फॉर्मचा कोड जुना, त्यात उत्तर म्हणून "ऑप्शन 3" असं जागेनुसार जायचं. क्रम फिक्स होता तोपर्यंत 3 म्हणजे नेहमी तेच कारण, पण शफल केल्यावर माझा तिसरा वेगळा आणि तुमचा तिसरा वेगळा. दोन दिवसांची उत्तरं आली आणि त्यांचा अर्थ लावायचा काही मार्गच उरला नव्हता. तेव्हा प्रत्येक कारणाला स्वतःची कायमची ओळख दिली आणि सोबत ते या माणसाला कितव्या जागी दिसलं हे दुसऱ्या कॉलममध्ये लिहायला लागलो. हा जागेचा कॉलम अजिबात सोडू नका, त्याच्याशिवाय शफल करून नक्की काय झालं हे कधीच कळत नाही. गूगल फॉर्म्समध्ये शफल होतं पण कुणाला कोणता क्रम दिसला ते उत्तरांच्या शीटमध्ये येत नाही. क्वालट्रिक्स या सर्व्हेच्या टूलमध्ये एक्सपोर्ट करताना तो क्रम मागून घेता येतो.

दुसरी गोष्ट, पान परत लोड झालं की क्रम पुन्हा बदलायचा. कुणी "मागे" दाबून परत आलं तर त्याला वेगळीच यादी, माणूस गोंधळतो, आणि आपल्याकडे शेवटचा क्रम नोंदला जातो जो त्याने निवडताना बघितलेला असेलच असं नाही. म्हणून एका माणसासाठी क्रम एकदाच काढायचा आणि जपून ठेवायचा.

तिसरी चूक मला उशिरा सापडली. आमच्या डेव्हलपरने `sort(() => Math.random() - 0.5)` वापरलं होतं. नेटवर सगळीकडे हेच मिळतं, पण याने सगळे क्रम सारख्या प्रमाणात येत नाहीत, काही ऑप्शन आपल्या मूळ जागेच्या आसपासच जास्त वेळा राहतात. म्हणजे ज्या दोषासाठी एवढा खटाटोप केला तोच थोडा परत आला. त्याऐवजी हे लिहिलं, यात `a` म्हणजे ऑप्शनची यादी:

```js
for (let i = a.length - 1; i > 0; i--) {
  const j = Math.floor(Math.random() * (i + 1));
  [a[i], a[j]] = [a[j], a[i]];
}
```

बरोबर चाललंय का ते बघायला दहा हजार वेळा रिकामं चालवायचं आणि प्रत्येक ऑप्शन प्रत्येक जागी किती वेळा आला ते मोजायचं. आठ ऑप्शन असतील तर प्रत्येक ठिकाणी साधारण 1250 यायला हवेत, थोडं इकडे तिकडे चालतं. "इतर" मात्र शफलच्या बाहेर, नेहमी तळाशी. ते मध्येच आलं तर लोक खालची कारणं न वाचता त्यातच लिहायला लागतात.

मग खरी फेरी झाली. "इतर" निवडणारे सोडून 960 उत्तरं आली. आधी मी कारणं बघितलीच नाहीत, फक्त जागा मोजल्या. जागेचा काहीच परिणाम नसता तर प्रत्येक जागेला 120 च्या आसपास मतं पडली असती, आणि नुसत्या योगायोगाने दहा-बारा कमीजास्त. पहिल्या जागेला 186 पडली, दुसरीला 142, तिसरीला 118, आणि चौथीपासून पुढे 110, 102, 98, 96, 108. पहिल्या जागेवर 66 जास्त, हे योगायोगात बसत नाही. हे टेबल बघून मॅडम गप्पच झाल्या.

मग "वेळ मिळाला नाही" वेगळं काढलं. ज्या 120 जणांना ते सगळ्यात वर दिसलं त्यातल्या 43 जणांनी ते निवडलं, म्हणजे 36%, जुन्या सर्व्हेच्या 34% च्या अगदी जवळ. बाकी 840 जणांना ते खाली कुठेतरी दिसलं, त्यातल्या 207 जणांनी निवडलं, म्हणजे साधारण 25%. सगळे मिळून 26%. "अवघड गेले" 9 वरून 14% वर आलं. वेळेचं कारण अजूनही पहिलंच राहिलं, ते खोटं नव्हतं, पण दोघांमधलं अंतर 25 टक्क्यांवरून 12 वर आलं आणि व्हिडिओ कापण्याचा निर्णय थांबला.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला नीट समजायला वेळ लागला. शफल केल्याने प्रायमसी जात नाही. घाईतला माणूस अजूनही वरचंच निवडतो, फक्त आता त्याचं वरचं वेगळं असतं, त्यामुळे ती फुकटची मतं सगळ्या कारणांत सारखी वाटली जातात. आमच्या टेबलवरून ढोबळ हिशोब केला: तिसऱ्या जागेपासून पुढची सरासरी 105, पहिल्या दोन जागांवर त्याहून जास्तीची मतं मिळून 118, म्हणजे 960 मधली जवळजवळ 12% उत्तरं जागेमुळे आलेली. ही आठ कारणांत वाटली की प्रत्येकाला दीड टक्का. म्हणून ज्या कारणाचा खरा वाटा 40% असेल ते 37 च्या आसपास दिसेल आणि ज्याचा 4% असेल ते 5 दिसेल. कोण वर कोण खाली हे साधारण बरोबर राहतं, पण मोठे थोडे खुजे आणि छोटे थोडे फुगलेले दिसतात. म्हणून 2-3 टक्केवाल्या ऑप्शनवरून निष्कर्ष काढताना मी आता फार जपतो. आणि यादीच छोटी करता आली तर ते आधी करायचं, आम्ही नंतर दोन कारणं एकत्र करून सातवर आणलं.

शफल आवडलं म्हणून सगळीकडे लावायचं नाही, हेही त्या पहिल्या ट्रायलमध्येच कळलं. आमच्या टूलमध्ये शफलचं बटण पूर्ण पानाला होतं, त्यामुळे खालचा समाधानाचा प्रश्नही फिरला. कुणाला "असमाधानी, खूप समाधानी, ठीकठाक, खूप असमाधानी, समाधानी" असं काहीतरी दिसायला लागलं. आम्हाला कळलं कसं, तर "खूप असमाधानी" टिक केलेल्या काही जणांनी खालच्या रकान्यात "शिकवलं छान" लिहिलं होतं. लोक अशी पट्टी शब्द वाचून कमी आणि जागा बघून जास्त भरतात, एक टोक चांगलं दुसरं वाईट असं धरून. ती मोडली की प्रायमसीपेक्षा मोठी चूक आत येते. वय, किती वेळा, किती महिने, सहमत-असहमत, ज्यांना स्वतःचा क्रम आहे ते क्रमानेच हवेत. तिथेही वरच्या टोकाला फायदा मिळतो हे खरं, त्यावर उपाय म्हणजे निम्म्या लोकांना पट्टी सरळ आणि निम्म्यांना उलटी, पण एका माणसाला पूर्ण सर्व्हेभर एकच दिशा, मध्ये बदलायची नाही.

तसंच देशांची किंवा भाषांची लांब यादी. तिथे माणसाला उत्तर आधीच माहीत असतं, तो फक्त शोधत असतो, अशी यादी अक्षरांच्या क्रमानेच ठेवा. जिथे माणूस यादी वाचत वाचत उत्तर ठरवतो तिथे शफल, जिथे ठरलेलं उत्तर शोधतो तिथे फिक्स, मी एवढंच बघतो.

आमची एक अडचण अजून बाकी होती. शफलच्या आधीच्या तीन फेऱ्या फिक्स क्रमाच्या, त्यांच्याशी 26% ची तुलना केली तर वाटेल की लोकांकडे अचानक वेळ आला. म्हणून आता चालू असलेल्या फेरीत लिंक दोन भागात पाठवली आहे, निम्म्यांना जुना क्रम जसाच्या तसा आणि निम्म्यांना शफल, कुणाला कोणता तेही रँडमच. जुन्या क्रमाचा भाग मागच्या आकड्यांशी लावायचा, शफलचा भाग पुढच्यांशी, आणि दोन्हीतला फरक म्हणजे नुसता क्रम बदलल्याचा फरक. यात मात्र आठही कारणं जुन्याच शब्दांत ठेवावी लागली, एकत्र केलेली दोन परत वेगळी केली, नाहीतर फरक क्रमाचा की शब्दांचा हे सांगता आलं नसतं. उत्तरं अजून येतायत.