गंजलेली ठेवली, चकचकीत परत पाठवली

कराडजवळच्या एका बंगल्याच्या साइटवर स्लॅबचं स्टील उतरलं, तेव्हा मालककाका अस्वस्थ होते. १२ एमएमच्या सळया पावसात भिजून तांबूस झाल्या होत्या. "साहेब, या परत पाठवा. त्या आठ एमएमच्या बघा, कशा नव्याकोऱ्या आहेत!"

मी १२ एमएमच्या सळईवर तारेचा ब्रश फिरवला. तांबूस पूड निघाली आणि खाली अखंड पृष्ठभाग दिसला. खड्डे नव्हते, पापुद्रे सुटत नव्हते. बरोबर एक मीटरचा तुकडा कापून काट्यावर ठेवला, तर ८७४ ग्रॅम भरला. १२ एमएमचं प्रमाण वजन ८८८ ग्रॅम आणि सळयांच्या आयएस १७८६ या भारतीय मानकाप्रमाणे एका नमुन्याला सहा टक्क्यांपर्यंत तूट चालते. इतका वरवरचा गंज काँक्रीटला बाधत नाही. खड्डे पडले असते, तर मीच नको म्हटलं असतं.

मग आठ एमएमची सळई हातात घेतली आणि शंका आली. तिच्या रिबा, म्हणजे अंगावरच्या उंचवट्याच्या रेषा, बोटाला जेमतेम लागत होत्या. काँक्रीट सळईला धरून ठेवतं ते मुख्यतः या रिबांमुळे. ब्रँडचे शिक्केही पुसट होते, ग्रेडचा आकडा तर वाचताच येईना. मीटरचा तुकडा भरला ३४६ ग्रॅम. हवे होते ३९५ आणि आठ टक्के तूट धरली तरी ३६३च्या खाली जायला नको. व्यासाच्या वर्गाला १६२ने भागलं की मीटरचं वजन किलोत येतं. तेच उलटं केलं, तर ही सळई साडेसात एमएमची निघाली. आणखी दोन बंडलांतले तुकडेही असेच हलके भरले.

काका म्हणाले, "आपण वजनावर पैसे देतो, मग जास्त लांबीच मिळाली की!" त्यांना सांगितलं, की फिटर स्लॅबमध्ये सळया अंतर मोजून टाकतो, वजन करून नाही. म्हणजे स्लॅबमध्ये लोखंड सुमारे बारा टक्के कमी जाणार.

दुकानदाराने टेस्ट सर्टिफिकेट पुढे केलं. ग्रेड एफई ५००डी, कार्बन ०.२५च्या आत, ताणाखाली लांबी वाढण्याचं प्रमाण किमान हव्या असलेल्या १६ टक्क्यांच्या वर, सगळं चोख. पण ती चाचणी एका विशिष्ट हीटच्या, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या पोलादाच्या, मालाची असते. मी कागदावरचा हीट नंबर बंडलाच्या टॅगशी ताडून पाहिला, तर जुळेना. शिवाय कागदावर साइज १६ एमएम होती. तो कागद खरा असेलही, या सळयांचा नव्हता.

दुकानदार आधी वाद घालत होता. काटा त्याच्यासमोर पुन्हा लावला, तेव्हा त्याने आठ एमएमचा सगळा माल परत नेला. बदली माल आल्यावर काकांनी स्वतः टॅग वाचून दाखवले, मी नंबर ताडले आणि तुकडा ३८८ ग्रॅम भरल्यावरच फिटरला कटिंग सुरू करायला सांगितलं.