आमची वाटचाल : डवऱ्यावरचा कॅमेरा आणि जायरो एका घड्याळावर

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टरच्या डवऱ्याला पराटीचं तास ओळखून डावी-उजवीकडे सरकवणारी यंत्रणा तयार होते. कॅमेरा तास बघतो आणि त्याला जोडलेला जायरो, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर, ट्रॅक्टर किती कलला ते सांगतो. दोन्ही मिळून तासाची खरी जागा काढायची, एवढंच काम. पण त्यासाठी दोघांची वेळ जुळलेली लागते.

काळ्या मातीत चाक ढेकळावरून उतरलं की ट्रॅक्टर सेकंदाला सहज ४० अंशांच्या वेगाने कलतो. कॅमेऱ्याची वेळ जायरोपेक्षा ३० मिलिसेकंदांनी चुकली, तर कलण्याचा कोन १.२ अंशांनी चुकतो. कॅमेरा अडीच मीटरवरचं तास बघत असेल, तर जमिनीवर ही चूक सव्वापाच सेंटिमीटर भरते. आमची पास झाडापासून पाच सेंटिमीटर दूर असते, म्हणजे झाड कापलंच.

सुरुवात साध्या यूएसबी कॅमेऱ्याने झाली. त्यात चित्र संगणकात पोहोचल्याची वेळ मिळते, काढल्याची नाही. मधला उशीर संगणकावरच्या कामाच्या बोजाप्रमाणे कमी-जास्त होतो, त्यामुळे एक ठरावीक आकडा वजा करून भागत नाही. सुरुवातीला एकदा घड्याळं जुळवून घेणंही टिकत नाही. घड्याळ चालवणाऱ्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत २० इतका फरक सर्रास असतो. दोन क्रिस्टल उलट दिशांना गेले, तर मिनिटाला २.४ आणि तासाला १४४ मिलिसेकंदांची तफावत पडते. उन्हात तापल्यावर ही गतीही बदलते.

म्हणून ट्रिगर इनपुट असलेला ग्लोबल शटर कॅमेरा घेतला आणि घड्याळ एकच ठेवलं, ते मायक्रोकंट्रोलरचं. त्याचा टायमर सेकंदाला ३० पल्स कॅमेऱ्याला देतो आणि प्रत्येक पल्सची वेळ नोंदवतो. जायरोची ‘डेटा तयार’ ही पिन त्याच टायमरच्या कॅप्चर इनपुटला जोडली आहे. जायरोचे आकडे त्याच्या एफआयएफओतून, म्हणजे आतल्या साठवणीच्या रांगेतून, गठ्ठ्याने वाचू नयेत. वाचलेच तर प्रत्येक नमुन्याची वेळ मागे मोजत जावं लागतं.

मग दोन दुरुस्त्या उरतात. चित्राची खरी वेळ पल्सची नसून एक्स्पोजरच्या मध्याची असते:

```
t_frame = t_trigger + delay + exposure / 2
```

इथे delay म्हणजे ट्रिगरची पल्स आल्यापासून एक्स्पोजर सुरू होईपर्यंतचा उशीर. दुपारी एक्स्पोजर १ मिलिसेकंद आणि संध्याकाळी ९ असेल, तर मध्य ४ मिलिसेकंदांनी सरकतो. ऑटो एक्स्पोजर चालू असेल, तर प्रत्येक फ्रेमसोबत त्याचा आकडा वाचायलाच हवा. दुसरी दुरुस्ती जायरोच्या आतल्या फिल्टरची. एमपीयू-६०५० या जायरो चिपमध्ये ४२ हर्ट्झचा फिल्टर लावला की जायरोचे आकडे ४.८ मिलिसेकंद उशिरा येतात. ५ हर्ट्झला हाच उशीर १८.६ होतो. तेवढा आकडा जायरोच्या वेळेतून वजा करायचा. आलेख गुळगुळीत दिसावा म्हणून फिल्टर कसत जाणाऱ्यांनी हे आधी बघावं.

एवढं करून कॅमेरा आणि जायरोची पेटी वर्कशॉपबाहेर पडत नाही. तपासणी अशी : तीन-चार मीटरवरच्या भिंतीला नक्षीदार कागद लावायचे आणि पेटी हातात धरून अर्धा मिनिट वेडीवाकडी फिरवायची. चित्रांवरून फिरण्याचा वेग काढायचा, जायरोवरूनही काढायचा आणि दोन्हींचं फक्त परिमाण घ्यायचं. पेटी घट्ट असल्याने ते दोघांना सारखंच असतं. कॅमेरा आणि जायरो एकमेकांशी कोणत्या कोनात बसवलेत याने फरक पडत नाही. दोन्ही आलेख १ मिलिसेकंदाच्या पायरीवर आणून, सरासरी वजा करून, एकावर दुसरा १०० मिलिसेकंद मागे-पुढे सरकवत क्रॉस-कोरिलेशन, म्हणजे दोन्ही किती जुळतात ते, काढायचं. शिखर जिथे, तेवढा उरलेला फरक. पेटी झोक्यासारखी एका लयीत हलवली, तर सारख्या उंचीची अनेक शिखरं येतात आणि खरं कोणतं ते कळत नाही.

शिखर २-३ मिलिसेकंदांवर आलं, तर ट्रिगरनंतरचा उशीर किंवा फिल्टरचा आकडा पुन्हा बघायचा. ३३ किंवा ६६ च्या जवळ आलं, तर दोष घड्याळाचा नाही. फ्रेम गळली आहे आणि पल्स क्रमांक चुकीच्या चित्राला चिकटला आहे. कॅमेरा सुरू होताना पहिल्या काही पल्स वाया जातात, तेव्हा हे हमखास घडतं. यासाठी कॅमेरा पूर्ण सुरू झाल्यावरच पल्स सोडतो, आणि दर दहा सेकंदांनी एक पल्स मुद्दाम गाळतो. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या नोंदीत तिथे ६७ मिलिसेकंदांची फट दिसते. पल्सच्या यादीतली फट आणि ही फट एकाच क्रमांकावर आली नाही, तर यंत्रणा पास उचलून ठेवते आणि क्रमांक नव्याने जुळेपर्यंत डवरणी थांबते.