टेकडीवरच्या झाडांसाठी माणसं जमवताना: सात चित्रांच्या एका पोस्टचा अनुभव

पुण्यातल्या एका टेकडीवर आमचा गट झाडं जगवतो. लागवड पावसाळ्यात हौसेने होते, तेव्हा माणसांची ददात नसते. माणसं लागतात ती फेब्रुवारी ते मे, पाणी घालायला. यंदा त्यासाठी इन्स्टाग्रामवर कॅरोसेल केलं, म्हणजे बोटाने सरकवत बघायच्या चित्रांची एकच पोस्ट. चित्रं करायला दोन संध्याकाळी पुरतात. वेळ खाल्ला तो त्यावर काय लिहायचं हे ठरवण्याने.

आमच्याकडे कामं चार, त्यातलं पहिलं पाणी घालण्याचं. त्यासाठी आधी कागदावर ठरवलं: नेमकी किती माणसं हवीत? ‘स्वयंसेवक हवेत’ एवढंच लिहिलं की लोक लाइक करतात आणि पुढे जातात. आमचा हिशोब असा झाला. पाण्यावर अवलंबून असलेली झाडं १२०, प्रत्येकाला आठवड्याला १० लिटर. एक माणूस दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन घेतो, म्हणजे एका खेपेत एक झाड. टाकीवर भरणं, चढ, आळ्यात हळूहळू ओतणं आणि परत येणं याला सात मिनिटं धरली. दोन तासांतून पंधरा मिनिटं विश्रांतीची वजा केली, तर माणशी १५ झाडं होतात, म्हणजे दर रविवारी आठ जण लागतात. पण लग्नसराई, परीक्षा, गावाला जाणं यामुळे नावं दिलेल्यांपैकी एक तृतीयांश तरी गैरहजर असतात असं धरून चालावं. म्हणून चित्रावर आकडा गेला तो १२. नेमका आकडा असला की वाचणाऱ्याला कळतं की आपली जागा खरीच रिकामी आहे.

मग वेळ. ‘आठवड्याला दोन तास’ हे वाक्य दिसायला सुटसुटीत आहे, पण त्यावरून कुणालाच आपला रविवार मोकळा आहे की नाही हे ठरवता येत नाही. आम्ही लिहिलं: ‘रविवार, सकाळी ६.३० ते ८.३०, फेब्रुवारी ते मे. येण्या-जाण्याचा वेळ वेगळा.’ खाली एक ओळ वजनाची: ‘दोन हातांत मिळून १० किलो, वाट चढाची.’ ही ओळ काढावी, लोक घाबरतील, असं गटात काहींचं म्हणणं होतं. ती ठेवलीच पाहिजे. पाठदुखी असलेला माणूस पहिल्याच रविवारी अर्ध्यातून बसला तर तो पुन्हा येत नाही, आणि त्याच्या वाटणीची झाडं कोरडी राहतात ती वेगळीच.

दुसरं काम निरोपांचं, आणि सगळ्यात फसवं. हे काम घरबसल्याचं, म्हणून सगळ्यांना हलकं वाटतं. प्रत्यक्षात नव्या माणसाला उत्तर देणं, शनिवारी संध्याकाळी ‘उद्या कोण कोण?’ विचारून यादी पक्की करणं, टाकीत पाणी आलंय ना याची खात्री करणं, हे रोजचं पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. आठवड्याचे दोन तास तेही झालेच, फक्त तुकड्यांत. म्हणून या कामाच्या चित्रावर ‘रोज २० मिनिटं, शनिवारी संध्याकाळी फोन हाताशी हवा’ असं लिहिलं आणि दोन माणसं मागितली. एकटा असेल तर तो आजारी पडला की सगळा रविवार कोसळतो.

तिसरं काम आळी नीट करून त्यांवर पालापाचोळ्याचं आच्छादन घालण्याचं, एक शनिवार आड. चौथं नोंदींचं: कुठलं झाड वाळलं, कुठलं गुरांनी खाल्लं हे टेकडीवर तासभर फिरून टिपायचं आणि घरी अर्ध्या तासात तक्त्यात भरायचं. वजन उचलता न येणाऱ्यांसाठी हे उत्तम.

चित्रांचा क्रम लावताना इन्स्टाग्रामच्या दोन सवयी ध्यानात ठेवाव्यात. ज्याने पहिलं चित्र बघून पोस्ट सोडली, त्याला ती पुढच्या वेळी कधी कधी दुसऱ्या चित्रापासून दिसते. म्हणून आमचं दुसरं चित्रही स्वतंत्र वाचलं तरी कळेल असं आहे: चारही कामं, प्रत्येकापुढे वार आणि वेळ. दुसरी सवय अशी की पोस्ट टाकल्यावर एखादं चित्र बदलून दुसरं घालता येत नाही, पण काढून टाकता येतं. यासाठीच प्रत्येक कामाला आपलं चित्र दिलं. पहिलं चित्र ठिकाण आणि गरजेचं, दुसरं एकत्र यादीचं, मग चार कामं आणि शेवटचं नाव नोंदवण्याचं, अशी सात. एखाद्या कामाच्या जागा भरल्या की तेवढं चित्र काढायचं. यादीच्या चित्रात मात्र माणसांचे आकडे घालू नयेत, नाहीतर तेही खोटं ठरतं.

आकार १०८० बाय १३५०. पहिल्या चित्राचा आकार बाकीच्यांना लागू होतो, तेव्हा सगळी एकाच मापाची हवीत. आणि देवनागरी! इंग्रजीसाठी केलेल्या तयार साच्यांत ओळी इतक्या दाटीने असतात की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवलं की निभतं. अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यच ठेवावं, ते वाढवलं की शिरोरेषा तुटते. ‘मुक्ता’ हा टंक आम्हाला पुरला. ‘नोंदणी’, ‘पाऱ्यावर’, ‘स्वयंसेवक’ असे शब्द लिहून बघावेत. जोडाक्षर फुटत असेल किंवा अनुस्वार कापला जात असेल तर तिथेच दिसतं.

नाव नोंदवण्याच्या चित्रावर क्यूआर कोड टाकायचा मोह आवरावा. पोस्ट फोनवरच बघणारा माणूस तो स्कॅन कशाने करणार? तो सोसायटीच्या फलकावर लावायच्या कागदासाठी ठेवावा. पोस्टखालच्या मजकुरातल्या लिंकवर टिचकी मारून काही उघडत नाही, त्यामुळे लिंक प्रोफाइलमध्ये द्यावी लागते. आम्ही व्हॉट्सअ‍ॅपची दिली, या घाटाची:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=PANI
```

क्रमांकाआधी ९१ हवेत, अधिकचं चिन्ह किंवा शून्य नको. `text=` नंतरचा शब्द समोरच्याच्या खिडकीत आपोआप लिहून येतो, त्याने फक्त पाठवायचा. प्रत्येक कामाला वेगळा शब्द दिला की कोण कशासाठी आलाय ते विचारावं लागत नाही. प्रोफाइलमध्ये पाच लिंका बसतात, आमच्या चार झाल्या. हा क्रमांक गटासाठी घेतलेल्या वेगळ्या सिमचा असावा. कुणाचा खासगी नंबर चित्रावर छापला की तो वर्षानुवर्षं फिरत राहतो.

गुगल फॉर्म त्यानंतर, आणि पाचच प्रश्नांचा: नाव, फोन, कोणतं काम, कोणते रविवार जमणार नाहीत, वय १८ खाली आहे का. शेवटच्याला ‘हो’ असेल तर पालकांशी बोलल्याशिवाय बोलवायचं नाही. फॉर्मच्या सेटिंगमध्ये ‘एकालाच एक उत्तर’ हा पर्याय चालू असला तर गुगल खात्यात शिरायला सांगितलं जातं आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. तो बंद ठेवला.

हीच चित्रं व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत जातात तेव्हा कुणीतरी सातातलं एकच पुढे ढकलतो. म्हणून प्रत्येक चित्राच्या तळाशी बारीक पट्टी: टेकडीचं नाव, गटाचा फोन आणि ‘नोंदणी १५ फेब्रुवारीपर्यंत’. इन्स्टाग्रामवरचं चित्र आपल्याला काढता येतं, पण फॉरवर्ड झालेलं कुणाच्याच हातात नसतं. मे महिन्यात ‘पाणी घालायला यायचंय’ असा निरोप आलाच, तर निदान वर्ष कळावं म्हणून तारखेपुढे सालही छापावं.