आमची वाटचाल: बरगंडी केस, तीन उजेडात

सांगलीत आमचा आधी पासपोर्ट फोटोचा छोटा स्टुडिओ होता, मग लग्नाचे अल्बम सुरू केले आणि आता बाहेरच्या फोटोग्राफर्सचं एडिटिंगच जास्त येतं. त्यात सगळ्यात नाजूक काम म्हणजे केसांचा कलर, कारण घरी गेल्यावर कस्टमरचा फोन ठरलेला, "दादा, तुमच्याकडे वेगळा दिसत होता हो!"

एका नवरीचं सांगतो. केस बरगंडी केलेले पण हॉलच्या लाइटमध्ये फोटोत काळेच आले, तर बरगंडी दिसायला हवा होता. डायरेक्ट कलर मोडची लेयर टाकली तर काळ्या केसावर काहीच दिसत नाही, म्हणून आधी कर्व्ह्सनी केस थोडे उचलले, मग मास्क करून कलर दिला, मधल्या टोनला RGB साधारण 95, 40, 55. स्क्रीनवर एकदम मस्त! पण टेस्ट प्रिंट खिडकीपाशी बरगंडी, घरच्या पिवळ्या एलईडीखाली चॉकलेटी, आणि मानेजवळचे केस तर दोन्हीकडे काळे ठिक्कर.

आता स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो, प्रिंटला नसतो, तिच्यावर जो उजेड पडेल तोच ती परत देते. पिवळ्या बल्बमध्ये निळा भाग कमी, त्यामुळे बरगंडीतला जांभळा जातो आणि ब्राऊन उरतो, त्यात स्वस्त एलईडी असेल तर गडद लालही मार खातो. मानेजवळचं कारण मात्र वेगळं, पेपरचा काळा स्क्रीनइतका खोल नसतो म्हणून अगदी डार्क टोन एकमेकांत मिसळून जातात. ते बल्ब बदलून सुटत नाही, फाइलमध्येच शॅडो उचलावी लागते.

मग ओळखायचं कसं? नुसत्या केसांकडे बघायचंच नाही, गजऱ्याकडे बघायचं. मोगरा आणि चेहरा पण पिवळट झाला असेल तर ती उजेडाची करामत, दोन मिनिटं थांबा, डोळा सरावतो. गजरा पांढराच आहे, स्किन ठीक आहे आणि केसच तेवढे हिरवट किंवा जांभळे झालेत, तर गडबड आपल्या एडिटमध्ये नाहीतर प्रिंटमध्ये. आम्ही आधी लॅबचं प्रोफाइल लावून फोटोशॉपमध्ये Ctrl+Y करून प्रिंट कशी येईल ते बघतो, मॉनिटरचा ब्राइटनेस उतरवून ठेवतो कारण तो जास्त असला की प्रिंट हमखास काळपट वाटते, आणि मग केस, गजरा, कपाळ येईल एवढाच तुकडा शॅडो कमी-जास्त करून एका 4×6 वर तीनदा छापतो.

ती प्रिंट आधी खिडकीच्या सावलीत बघतो, थेट उन्हात नाही, मग ट्यूबखाली, आणि शेवटी कस्टमर घरी घेऊन जातो. फायनल मात्र खिडकीच्या उजेडावरच करतो. बल्बखाली पण बरगंडीच दिसू दे, अजून जांभळा टाका असं म्हणणारे असतात, ते आम्ही करत नाही, कारण मग दिवसा अल्बम उघडला की केस वांगी कलरचे दिसतात.