घोड्याची मात शेवटाकडून बघायला शिकताना

स्मदर्ड मेट पाठ असणं वेगळं आणि ती आपल्या डावात येताना दिसणं वेगळं. वजीर राजाला खेटून ठेवायचा, हत्तीला तो खाऊ द्यायचा आणि मग घोड्याने मात करायची, हे बुद्धिबळ खेळणाऱ्या बहुतेकांनी कधीतरी पाहिलेलं असतं. मात जुनी आहे. १४९७ साली स्पेनमध्ये छापलेल्या लुसेनाच्या पुस्तकात ती सापडते, आणि तरी नाव चिकटलं ते अठराव्या शतकातल्या फ्रेंच खेळाडू फिलिडोरचं. पण वजीर देण्याची वेळ आली आहे हे डावात कुणी सांगत नाही. त्याच्या चार-पाच खेळ्या आधी पटावर काय बघायचं, हे मला अमळनेरला आमच्या गल्लीतल्या आबांकडून मिळालं.

आबा रेल्वेतून निवृत्त झालेले. उन्हाळ्यात ऊन उतरलं की ओट्यावर पट मांडून बसायचे. त्यांची शिकवण्याची रीत उलटी होती. डाव सुरुवातीपासून न मांडता ते मात झालेली स्थिती मांडायचे आणि मला एकेक खेळी मागे घ्यायला लावायचे. पहिल्या दिवशी पटावर पाचच मोहरी होती: काळा राजा h8 वर, त्याच्याशेजारी g8 वर त्याचाच हत्ती, पुढे g7 आणि h7 वर त्याचीच प्यादी, आणि f7 वर पांढरा घोडा.

"राजाले पयाले जागा शे का?" त्यांनी विचारलं. नव्हती. मग दुसरा प्रश्न, "घोडाले कोन मारी?" कुणीच मारू शकत नव्हतं. घोड्याच्या शहामध्ये मोहरं आणून अडवताही येत नाही, कारण तो उडी मारून येतो. म्हणजे मात.

आता मागे जायचं. हत्ती g8 वर आपणहून आला नसणार, त्याला कुणीतरी खायला बोलावलं असणार. तो पांढरा वजीर. पण राजाने स्वतःच वजीर का नाही खाल्ला? कारण तेव्हा घोडा h6 वर होता आणि g8 वर त्याचा मारा होता. घोडा h6 वर कुठून आला? f7 वरून, आणि तिथून हलताना त्याने मागच्या वजिराची तिरकी रेघ उघडली. एकाच वेळी दोन शह बसले. दुहेरी शहात एखादं मोहरं मारून सुटका होत नाही, राजालाच हलावं लागतं, म्हणून g7 च्या प्याद्याला h6 वरचा घोडा खाता येत नाही. असं मागे मागे जात आम्ही पोचायचो ते साध्या दिसणाऱ्या स्थितीपाशी: राजा g8 वर, घोडा g5 वर, वजीर त्या लांब तिरक्या रेघेवर यायच्या तयारीत.

काही आठवडे आम्ही फक्त हेच केलं. आबा मोहरी थोडी बदलायचे आणि विचारायचे, आता मात बसते का? त्यातून मला कळलं की आधी शोधायच्या खुणा वजिराच्या बलिदानाशी जोडलेल्याच नाहीत. पहिली खूण म्हणजे समोरच्याचं f प्यादं पटावरून गेलेलं असणं, कारण ते गेल्यावरच c4 कडून g8 पर्यंतची रेघ उघडते आणि f7 चं घर रिकामं होतं. दुसरी, g आणि h ही प्यादी जागची हललेली नसणं. h प्यादं एक घर जरी पुढे गेलं असेल तरी राजाला h7 चं घर मिळतं आणि सगळा डोलारा कोसळतो. तिसरी खूण मला सगळ्यात उशिरा दिसायला लागली: f7 वर नजर कोणाची आहे, आणि ती नजर काढून घेता येते का. f8 वरचा हत्ती f7 सांभाळतो. तोच g8 वर ओढला गेला की f7 मोकळं पडतं. वजिराचं बलिदान दोन कामं एकदम करतं, राजाचं शेवटचं घर बुजवतं आणि f7 चा राखणदार हटवतं.

हे डावात दिसलं ते धुळ्याच्या एका रॅपिड स्पर्धेत. समोर शिरपूरकडचा कॉलेजचा मुलगा, काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता. माझ्या घोड्याच्या बदल्यात त्याच्याकडे जास्तीचा हत्ती होता. त्याने f2 वर हल्ला करायला f ची उभी रेघ उघडली होती आणि त्यासाठी आपलं f प्यादं बदलून टाकलं होतं. ते प्यादं पटावरून उतरलं तेव्हाच मी मनात मात मांडून पाहिली: h8, g8, g7, h7, आणि घोडा f7. घोडा f3 वर होता, तो g5 वर नेला. त्याने वजीर b2 वर आणला. आता तो आणि f8 चा हत्ती मिळून f2 वर तुटून पडणार होते, आणि माझ्या बाजूने f2 ला फक्त राजाचा आधार होता. स्थिती अशी होती:

```
पांढरे: Kg1, Qd3, Re1, Ng5, प्यादी e4 f2 g2 h3
काळे:   Kg8, Qb2, Ra8, Rf8, प्यादी a7 b7 g7 h7

1.Qc4+ Kh8 2.Nf7+ Kg8 3.Nh6+ Kh8 4.Qg8+ Rxg8 5.Nf7#
```

प्रत्येक खेळी शहाची आहे, त्यामुळे f2 वर मारायला त्याला सवडच मिळत नाही. पहिल्या शहाला हत्ती f7 वर आणून अडवलं तर वजीर तो फुकट खातो, कारण मागून घोड्याचा जोर आहे. म्हणून राजा कोपऱ्यात. तिसऱ्या खेळीचा h6 वरचा शह दुहेरी आहे. f8 वर स्वतःचाच हत्ती बसलेला, त्यामुळे राजाला h8 सोडून दुसरं घर नाही. g8 वरचा वजीर राजाला खाता येत नाही, आणि दुसरा हत्ती a8 वर असूनही पोचत नाही, कारण f8 च्या हत्तीने त्याची वाट अडवली आहे.

माझी वजिराची खेळी झाल्यावर त्याने बराच वेळ घेतला आणि राजा कोपऱ्यात नेला. मी घोडा f7 वर ठेवला. त्याने परत विचार केला आणि हत्तीने घोडा खाल्ला. ही त्याची बरोबर खेळी होती. या आकृतीत समोरचा जागा असेल तर बहुतेक वेळा हेच होतं: तो हत्ती देतो, घोडा घेतो आणि मात टाळतो. मी वजिराने हत्ती घेतला, मोहऱ्यांचा हिशेब बरोबरीत आला, f2 वरचा धोकाही संपला. पुढे रस्ता मोकळा असलेलं e प्यादं माझ्याकडे होतं, आणि शेवटी त्यानेच डाव जिंकून दिला.

इथे एक बारकावा फार उपयोगाचा आहे. त्याचा a8 चा हत्ती मागच्या ओळीतून निघून कुठे खाली आला असता, तर घोडा खाल्ल्यावर मी c8 वर शह दिला असता. हत्तीने f8 वर परत यायचं, वजिराने तो खायचा आणि मागच्याच ओळीत मात. म्हणून f7 वर घोडा ठेवण्याआधी मी नेहमी त्या दुसऱ्या हत्तीकडे बघतो. तो घरी असेल तर हातात हत्ती पडतो, बाहेर असेल तर राजा.

डाव संपल्यावर तो म्हणाला, "दादा, हत्ती f8 ऐवजी e8 वर ठेवला असता तर?" आम्ही तिथेच मांडून पाहिलं. e8 चा हत्ती f7 सांभाळत नाही, म्हणजे घोडा खायचा पर्यायच संपला. राजा f8 कडे पळाला तर वजीर f7 वर येऊन मात करतो, पळायच्या वाटेवर स्वतःचाच हत्ती. पहिल्याच शहाला हत्ती e6 वर टाकला तरी वजीर तो शह देतच खातो आणि मात तशीच येते, फक्त एक खेळी उशिरा.

मग मी त्याला आबांचा आवडता फसवा बदल दाखवला: सगळं तेच, फक्त काळ्याचा एक घोडा f6 वर. पहिल्या शहाला तो d5 वर येऊन अडवू शकतो. आणि समजा अडवलं नाही, तरी g8 वरचा वजीर तो घोड्याने खातो. राजा तसाच कोंडलेला, चित्र तेच. पण आपण घोडा f7 वर ठेवला की f8 चा हत्ती तो खाऊन टाकतो, कारण तो जागचा हललेलाच नाही. वजीर गेला, घोडा गेला. "g8 वर काय येईल?" यापेक्षा "f7 वरून कोण जाईल?" हा प्रश्न आधी विचारायचा तो यासाठी.

हीच नजर घेऊन मी घोड्याच्या बाकीच्या माती बघायला लागलो. घोडा आणि हत्ती मिळून कोपऱ्यात करतात त्या मातीला अरेबियन मेट म्हणतात. राजा h8 वर, घोडा f6 वर, हत्ती h7 वर. घोडा राजापासून तिरक्या रेषेत एक घर सोडून उभा आहे, आणि तिथून तो g8 आणि h7 दोन्ही धरतो. राजा कोपऱ्यात आणि आपला घोडा f6 वर टिकू शकतो असं दिसलं की मी सातव्या ओळीकडे आणि h च्या उभ्या रेघेकडे हत्तीचा रस्ता आहे का ते पाहतो.

राजा कोपऱ्यात नसतानाही कोंडून मात होते. कारो-कान बचावात अगदी सुरुवातीला एक जागा आहे:

```
1.e4 c6 2.d4 d5 3.Nc3 dxe4 4.Nxe4 Nd7 5.Qe2 Ngf6 6.Nd6#
```

राजाभोवतीची घरं त्याच्याच वजिराने, उंटाने, घोड्याने आणि प्याद्यांनी भरलेली. d6 वरचा घोडा फक्त e7 चं प्यादं खाऊ शकलं असतं, पण e2 वरच्या वजिरामुळे ते राजासमोर पिन झालेलं आहे, हलू शकत नाही. आबांचे दोन्ही प्रश्न इथेही तेच: जागा नाही, आणि घोडा मारणारा बांधलेला. काळ्याने पाचव्या खेळीला d7 चा घोडा f6 वर नेला किंवा e प्यादं एक घर ढकललं, तर काही होत नाही. उलट पांढऱ्याने वजीर e2 वर ठेवून f1 च्या उंटाची वाट अडवून घेतलेली असते, आणि तो उंट बाहेर काढायला एखादी खेळी जास्त खर्च होते. तरी वेगाच्या डावात मी ही खेळी अजूनही खेळतो. समोरचा g8 चा घोडा सवयीने बाहेर काढतो का, हे पुढच्याच खेळीला कळतं.